अंड्यांच्या कप्प्यातला दवाखाना

आमच्या गल्लीत औषधांची दुकानं दोन होती. एक माझं. त्याला सरकारी परवाना आहे, काचेचं दार आहे, आणि माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर फार्मसीची पदविका फ्रेम करून लावलेली आहे. दुसरं विजयमाला काकींचं, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातला फ्रीज. त्याला परवाना नव्हता, पदविका नव्हती, पण दार माझ्यापेक्षा भारी होतं. उघडलं की आत दिवा लागायचा. गिऱ्हाईक त्यांच्याकडे जास्त.

मी हे कुत्सितपणे सांगतोय असं वाटेल. वाटू द्या, कुत्सितपणेच सांगतोय. कडेगावात अठरा वर्षं औषधं विकणाऱ्या माणसाला एका फ्रीजनं मागं टाकावं, हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही.

काकी म्हणजे सुभेदार नाथाजींच्या पत्नी. सुभेदार तोफखान्यात होते. त्यांच्यामागं काकींनी अंबाला, जोधपूर, जबलपूर अशी क्वार्टरं बदलली, मोडकं हिंदी शिकल्या, राजमा करायला शिकल्या, आणि एक गोष्ट कायमची शिकल्या. सरकारनं दिलेली वस्तू टाकायची नाही. मग ती घोंगडी असो, पत्र्याची पेटी असो, नाहीतर औषधाची अर्धी बाटली असो. निवृत्तीनंतर सुभेदारांनी कॅन्टीनमधून फ्रीज घेतला. गल्लीतला पहिला. त्याच्या दारात अंडी ठेवायला बारा खड्ड्यांचा कप्पा होता. आता झालं असं, की काकींच्या सासूबाई माळकरी. घरात अंडं येणं शक्य नाही. सुभेदार म्हणाले, कप्पा काढून टाकू. काकी म्हणाल्या, कंपनीनं दिलाय तो टाकायचा कशाला? आणि जबलपूरच्या मिलिटरी हॉस्पिटलातून आलेली कानाच्या थेंबांची एक बाटली त्यांनी पहिल्या खड्ड्यात उभी केली. चपखल बसली. ज्यानं कुणी तो कप्पा बनवला त्यानं माप अंड्याचं घेतलं नसावं, अशी शंका यावी इतकी चपखल.

सासूबाई पुढं वारल्या, पण अंडं काही आलं नाही. बाटल्या येत राहिल्या. कुणाच्या पोराचा कान दुखून बरा झाला, बाटलीत निम्मं उरलं, की ती काकींकडं जमा. घरी ठेवली तर लहान पोरं हात लावतात, काकींकडं थंड राहील, आणि उद्या लागलं तर काकी काय परक्या आहेत का. अशी ती कानाच्या औषधांची सार्वजनिक ठेव होती. पोटदुखी, ताप, दमा यात काकी पडत नसत. "त्ये डॉक्टरचं काम," म्हणायच्या. कान मात्र त्यांचा खास विषय. आणि आमच्याकडं कानाला काय तोटा? उन्हाळ्यात अख्खी तरणी पिढी विहिरीत, पावसाळ्यात सगळे ओलेचिंब, आणि बाराही महिने काडेपेटीतली काडी कानात.

काकींची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक पाटावर बसायचं, कान वर करून मान आडवी टाकायचं. काकी फ्रीज उघडून कप्प्यावरनं नजर फिरवायच्या. नावं त्यांना वाचता येत नसत, सगळी इंग्रजीत. त्या बाटली माणसावरनं ओळखायच्या. ही रेश्माची, ही अर्जुनाच्या सासऱ्याची, ही लालासाहेबाची. "लय ठणकतंय? मग लालासाहेबाची. त्येचा पार सुजला हुता, दोन दिसांत उतरला." झालं निदान. मग ती बाटली मुठीत धरून मिनिटभर ऊब द्यायच्या, कारण गार थेंब कानात गेला की गरगरतं. हे एवढं एक मात्र त्या शास्त्राप्रमाणं करत. मी कबूल करतो. माझ्या दुकानातनं बाटली नेणाऱ्यांना ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

आणि लोकांना गुण यायचा! हेच तर दुखणं होतं. आता कानाचं असं आहे, की बऱ्याच वेळा तो दोन-तीन दिवसांत आपला आपण उतरतो. त्या दोन-तीन दिवसांत तुम्ही थेंब घाला नाहीतर मारुतीला नारळ फोडा, श्रेय त्याला जातं. वर त्यातल्या निम्म्या बाटल्यांत स्टेरॉइड. ते गेलं की सूज आणि खाज एका दिवसात पळतात. रोग पळाला की नाही ते स्टेरॉइड बघत नाही. आरडाओरडा थांबवणं एवढंच त्याचं काम. पण माणसाला तरी दुसरं काय हवं असतं?

मी काकींना पुष्कळ वेळा समजावलं. एकदा तर पाटावर बसलेल्या गिऱ्हाइकासमोरच म्हटलं, "काकी, झाकण उघडल्यावर महिनाभरात बाटली टाकायची आसती. आन् एकाचं औषध दुसऱ्याला चालत न्हाई."

"आरं, कान तर सगळ्यांचं सारखंच की," काकी म्हणाल्या.

"आतलं दुखणं सारखं नसतंय."

"मग आत बघून देतोस का तू?"

पाटावरचं गिऱ्हाईक आडवी मान तशीच ठेवून हसलं. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं, ही बाई एक दिवस कुणाचा तरी कान घालवणार. शास्त्र शिकलेला माणूस असं काही बोलला, की ते खरं व्हावं अशी त्याला थोडी इच्छाच असते. मलाही होती. खोटं कशाला बोलू?

आता मी माझ्या दुकानाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं अक्षर सुंदर आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो, आणि गल्लीतल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची नावं अजून माझ्याकडंच येतात. गिऱ्हाइकाला बाटलीवरचं इंग्रजी कळत नाही, खोकं तर ते दुकानाच्या पायरीवरच टाकतं, म्हणून मी प्रत्येक बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून काळ्या शाईनं मराठीत लिहून देतो. "कान. ३ थेंब. दिवसातून ३ वेळा." या पट्टीचा मला अभिमान होता. अशी सेवा शहरात मिळत नाही.

आणि काकींचे स्वतःचे कान? डाव्यानं त्यांना ऐकूच येत नसे. लहानपणी गालगुंड झालं, त्यात गेला. उजवा पोरवयापासून अधूनमधून वाहायचा. जबलपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, पडद्याला भोक आहे, पाणी जाऊ देऊ नका. काकींनी ती आज्ञा शिपायासारखी पाळली. तीस वर्षं कापसाचा बोळा घातल्याशिवाय डोक्यावरनं पाणी घेतलं नाही. सुभेदारांचे कान तोफांनी आधीच अर्धे नेलेले. त्यांच्या घरातला टीव्ही चौकात ऐकू यायचा. म्हणजे हिशेबानं त्या घरात चार कान, आणि धड चालणारा एकच. काकींचा उजवा, भोकाचा.

पण त्या एका कानावर बाईनं काय संसार केला! कुणाच्या घरात भांडण पेटतंय, कुणाची म्हैस विणार, कुणाचा जावई रुसून बसलाय, सगळं त्या कानाला आधी कळायचं. आणि रविवारी अकरा वाजता त्याच कानावर वीरधवलचा फोन यायचा. वीरधवल म्हणजे काकींचा एकुलता एक, तोही फौजेत, सध्या सिक्कीमला. वर पहाडात रेंज नाही. रविवारी खाली आला की दहा-पंधरा मिनिटं बोलायचा. काकींच्या घरात भिंती जाड, आवाज तुटायचा, म्हणून त्या अकराच्या आधी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायच्या. फोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरायच्या, डोळे मिटायच्या. जेवलास का, स्वेटर घातलास का, पोरगी बघू का. बोलणं तेच. पण ती पंधरा मिनिटं त्यांच्या पुढच्या सहा दिवसांना पुरायची.

गेल्या श्रावणात काकी नागपंचमीला माहेरी, शिराळ्याला गेल्या. तिथं गर्दीत, पाहुण्यांच्या घाईत कापूस सापडला नाही आणि त्यांनी तशीच डोक्यावरनं अंघोळ केली. तीस वर्षांत पहिल्यांदा. परत आल्या त्या कान धरून. ठणका लागला, मग वाहायला लागला. कुणाला काही सांगितलं नाही. गल्लीचा कान बघणाऱ्या बाईनं स्वतःचा कान दाखवायला जायचं, म्हणजे हलवायानं मिठाई विकत आणण्यासारखं झालं असतं. त्यांनी फ्रीज उघडला, बाटली मुठीत ऊब दिली आणि स्वतःच्याच पाटावर मान आडवी टाकली.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की काकी दुकानात आल्या आणि कापूस मागितला. मग आठवड्यानं पुन्हा कापूस. मी विचारलं, काय काकी, वाती करताय का? त्या म्हणाल्या, "व्हय, श्रावण हाय न्हवं." नंतर एकदा पायरी चढताना त्यांचा तोल गेला. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मी बसल्या जागेवरनं म्हटलं, बीपी तपासून घ्या. आम्हा औषधवाल्यांचं हे बरं असतं. उभा माणूस हलला की बीपी.

गणपती बसायच्या आधीचा रविवार. अकरा वाजले. काकी पायरीवर बसल्या होत्या. फोन वाजला, म्हणजे त्यांच्या हातात थरथरला. त्यांनी कानाला लावला, डोळे मिटले.

"बोल की रं."

थोडा वेळ गेला.

"वीरू, बोल की. गप का बसलायस?"

मी आत गोळ्यांची खोकी लावत होतो. काकींनी फोन कानापासून काढून बघितला, पुसला, पुन्हा लावला. मग मला हाक मारली.

"इंद्रजित, बघ रं जरा. फोनाला काय तरी झालंय. लागल्याला दिसतोय, पर पोरगं बोलतच न्हाई."

मी फोन घेऊन कानाला लावला. आतून वीरधवल ओरडत होता. "आई, ऐकू येतंय का? आई! आगं आई!" आवाज इतका स्वच्छ होता, की त्याच्यामागं कुणीतरी ट्रक सुरू केलेलाही मला ऐकू आला.

मी काकींकडं बघितलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर फोनबद्दलची काळजी होती, बाकी काही नाही. मी वीरधवलला म्हटलं, रेंज नाही, पुढच्या रविवारी कर. आणि फोन ठेवला.

"काकी," मी म्हटलं. त्या बघत राहिल्या. मी मोठ्यानं म्हटलं, "काकी, कानाला काय झालंय?"

"कानाला काय झालंय? कायबी न्हाई. जरा वाहात हुता, त्येला औषध चालू हाय." मग म्हणाल्या, "आत रातकिडं वरडत्यात तेवढं. आन् जरा बंद झाल्यासारखं वाटतंय. औषध संपलं की उघडंल."

"कंचं औषध? कवापासनं?"

त्यांनी कनवटीतनं बाटली काढली. तीन वेळा घालायचं, म्हणून हल्ली ती फ्रीजमध्ये न ठेवता जवळच बाळगत होत्या. महिना होत आला होता. "सुरवातीला दोन दिसांत लय गुण आला रं," काकी सांगत होत्या. "ठणका पार गेला. मग खाज सुटली, दडपण आलं, म्हून सोडलं न्हाई. नेमानं घालतीया. एक वक्ताला चुकीवलं न्हाई."

मी बाटली हातात घेतली. लालासाहेबाची बाटली. तळाशी दोन-चार थेंब औषध, टोकाला काळपट चिकटा. आणि पोटावर पांढरी चिकटपट्टी, काळी शाई, सुंदर अक्षर. कान. ३ थेंब. दिवसातून ३ वेळा.

मला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी लालासाहेब पाटाच्या पाण्यात पोहून कान धरून आला होता. ट्रॅक्टर चालू ठेवून उतरलेला. म्हणाला, गड्या, काय तरी जोरातलं दे. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. मी मागितलीही नाही. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं दिलं, कारण ते लवकर लागू पडतं आणि गिऱ्हाईक नाव काढतं. त्याला लागू पडलंही. त्याचा पडदा शाबूत होता. आणि बाटली देताना मी वर म्हणालो होतो, "उरलं तर ठेव, पुन्हा उपेगी पडंल."

मी बाटली खिशात घातली आणि काकींना म्हटलं, उद्या कराडला जायचं. बाटलीबद्दल काही बोललो नाही.

कराडला कानाच्या डॉक्टर, अक्षता वाघमारे, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी काकींना आडवं घेतलं, दुर्बिणीतनं बारीक नळीनं कान साफ केला आणि जे निघालं ते मला दाखवलं. भिजलेल्या कागदाचा लगदा असावा तसं, त्यावर काळे ठिपके. बुरशी. मग मुठीएवढ्या आवाजबंद खोलीत काकींना बसवून, कानाला यंत्र लावून, ऐकू आलं की बटण दाबा असं खुणेनं सांगितलं. मी काचेतनं बघत होतो. काकी बटणावर अंगठा ठेवून तयार बसल्या होत्या, शर्यतीच्या आधी पोरं बसतात तशा. अंगठा हलतच नव्हता. पुष्कळ वेळानं एकदा हलला, तेव्हा त्या माझ्याकडं बघून हसल्या.

"शेती आहे ना तुमच्याकडं?" मी पुढं केलेली बाटली बघून डॉक्टरांनी मला विचारलं. "उसात तणनाशक मारता, रुंद पानाचं तण मरतं, आणि मग मोकळं रान मिळून हरळी माजते. तसं झालंय. अँटिबायोटिकनं जंतू मारले, ते बुरशीला चालत नाही. स्टेरॉइडनं ठणका झाकला आणि कानाची स्वतःची ताकद कमी केली. बुरशीला आयतं रान मिळालं."

"बुरशी जाईल न्हवं?"

"जाईल. चार-सहा वेळा साफ करावं लागेल, कान कोरडा ठेवावा लागेल. त्यानं थोडं ऐकू येणं वाढेलही." त्यांनी कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ दाखवली. "पण हा भाग नसेचा आहे. पडद्याला भोक, आणि हे औषध महिनाभर, दिवसातून तीनदा. ते आतल्या कानापर्यंत गेलं आणि नसेला बाधलं. तोल जातोय, आवाज येतोय, तो त्यातलाच प्रकार. जुनं दुखणंही होतं, त्यामुळं सगळं याच बाटलीनं झालं असं मी छातीठोक नाही म्हणणार. पण भोक असलेल्या कानात हे औषध घालायचंच नसतं. चालतील असे दुसरे थेंब असतात. मात्र कुठले, ते कानात बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही."

"नसेचं परत येईल?"

"नाही."

हा शब्द त्यांनी शांतपणे उच्चारला. मला तो कानफटात बसल्यासारखा लागला. आत बघून देतोस का तू, असं काकींनी मला विचारलं होतं. तोच प्रश्न होता, फक्त आता उत्तर समोर कागदावर आलं होतं.

मग डॉक्टरांनी वहीत लिहिता लिहिता, काकींच्या कानाजवळ वाकून मोठ्यानं विचारलं, "आजी, हे औषध कुणी दिलं?"

काकींनी माझ्याकडं बघितलं नाही. "कुनी न्हाई. माजं मीच. आमच्या फ्रीजातलं."

मी शेजारीच उभा होतो. शिकलेला, परवाना असलेला, भिंतीवर फ्रेम असलेला. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही कोण यांचे?" मी म्हणालो, "शेजारी."

गणपती उठल्यावर मी पिशवी घेऊन काकींच्या घरी गेलो. तो कप्पा रिकामा करायचा असं ठरलं होतं. काकींनी आधीच सगळ्या बाटल्या काढून सोप्यातल्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या होत्या, फौजेत सामान जमा करताना मांडतात तशा. खड्डे बारा होते, बाटल्या सतरा निघाल्या. मी एकेक उचलून पिशवीत टाकायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या बाटलीला माझा हात मंदावला. पांढरी पट्टी. काळी शाई. पुढची, पांढरी पट्टी. त्याच्या पुढची, तेच. सतरापैकी चौदा बाटल्यांवर माझं सुंदर अक्षर होतं. अठरा वर्षं मी ज्या दुकानाचा दुस्वास केला ती माझीच शाखा होती. माल माझा, सूचना माझ्या, फक्त पाट काकींचा.

मला आता सांगायलाच हवं होतं. मी कट्ट्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि हळू आवाजात म्हटलं, "काकी, ती बाटली माझी होती."

"आं?"

"लालासाहेबाला मी दिली होती. चिठ्ठी न बघता."

"मोठ्यानं बोल रं. पुटपुटू नगस."

दार उघडं होतं. समोर लालासाहेब ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता. रेश्मा ओट्यावर तांदूळ निवडत होती. नळावर चार बायका. आणि खुद्द सुभेदार आरामखुर्चीत, तेही अर्धे बहिरे. हळू आवाजात अपराध कबूल करायची त्या घरात सोयच नव्हती. मी घसा साफ केला आणि ओरडलो, "काकी, ती बाटली माझी होती! मीच दिली होती! डॉक्टरची चिठ्ठी न बघता दिली! तुमचा कान माझ्यामुळं गेला!"

नळावरची बादली भरून वाहायला लागली, तरी कुणी नळ बंद केला नाही. लालासाहेबाचा पाना हातातच राहिला. सुभेदारांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

काकी म्हणाल्या, "ठावं हाय की मला. तुजं अक्षार मी वळखत न्हाई व्हय?"

"मग डॉक्टरपुढं का न्हाई सांगितलं?" हेही ओरडूनच.

"सांगून काय, तुजं दुकान बंद करायचं? मग कापूस कुठनं आनायचा?" त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, पट्टीवरनं अंगठा फिरवला. राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. त्या नुसतं जे होतं ते सांगत होत्या. "मला इंग्रजी येत न्हाई, इंद्रजित. पर तुजं मराठी येतं. तू ल्हिवलंयस तसंच घातलं. तीन थेंब, तीन वक्त. किती दिस, ते तू कुठं ल्हिवलं हुतंस? तू पाच दिस ल्हिवलं आसतंस, तर म्या सहाव्या दिशी घातलं नसतं."

मी पिशवी उचलून घरी आलो आणि पोरासारखा रडलो.

आता मी पट्टीवर चार ओळी लिहितो. कुणासाठी, किती दिवस, कधी उघडली, आणि उरलं तर टाका. कानाला औषध मागणाऱ्याला मी आधी कुणाला दाखवलं ते विचारतो, चिठ्ठी नसली तर परत पाठवतो. यामुळं माझं गिऱ्हाईक कमी झालं. ते फाट्यावरच्या दुकानात जातं, तिथं विचारत नाहीत. लालासाहेबही तिकडंच जातो असं कळलं. फ्रीजच्या त्या कप्प्यात काकी आता लिंबं ठेवतात.

काकींचा कान अजून पुरता कोरडा झालेला नाही. झाला की मशीन बसवून बघू, थोडं तरी मिळेल, असं डॉक्टर म्हणतात. तोवर रविवारी अकराला काकी पायरीवर येतात. फोन मी धरतो. वीरधवल बोलतो, मी ऐकतो, आणि माझ्या बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर लिहून त्यांच्यासमोर धरतो. मोठं, सुटं, काळ्या शाईनं. त्या ओठ हलवत वाचतात आणि मग फोनकडं तोंड करून उत्तर देतात.

परवा त्यानं पहिलंच विचारलं ते मी लिहिलं. "आई, माझा आवाज येतोय का?"

काकींनी वाचलं. मग माझ्याकडं बघितलं आणि फोनात मोठ्यानं म्हणाल्या, "येतोय की रं. झ्याक येतोय."